परतीच्या पॅकेटला वेगळी परवानगी लागते का? फायरवॉलच्या एका जुन्या नियमाचा इतिहास

(वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



समोर बसलेल्यांपैकी बरेच जण महापे, ऐरोली, घणसोलीच्या कंपन्यांत नेटवर्क सांभाळतात, असं मला सांगण्यात आलंय. तेव्हा सुरुवात तुमच्याच एका प्रश्नाने करतो. हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. ‘सर, ऑफिसमधून बाहेर पोर्ट ४४३ वर जायला नियम लिहिला. आता वेबसाइटचं उत्तर परत आत यायला वेगळा नियम लिहायचा का?’

उत्तर आधी देऊन टाकतो. फायरवॉल स्टेटफुल असेल तर नाही. ज्या कनेक्शनला बाहेर जायची परवानगी मिळाली, त्याचं उत्तर त्याच परवानगीत येतं. मग व्याख्यान कशाला? तर हा वेगळा नियम आजही शेकडो फायरवॉलवर लिहिलेला सापडतो, आणि लिहिणारा म्हणतो, ‘असू दे की, काय बिघडतंय?’ बिघडतं. तो नियम नुसता जादा नसतो, तो दरवाजा उघडा ठेवतो. कसा, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

नोंदवही नव्हती तेव्हा

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाचा किडा त्या वेळच्या इंटरनेटवर पसरला आणि ‘बाहेरच्या कोणालाही आपल्या मशीनशी थेट बोलू द्यायचं का’ हा प्रश्न लोकांना गांभीर्याने पडला. १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या जेफ्री मोगल यांनी युनिक्स गेटवेवर पॅकेट गाळण्याची पद्धत एका निबंधात मांडली. पुढे राउटरमध्येही अशी गाळणी आली. ही झाली पहिली पिढी.

या गाळणीचं काम साधं होतं. प्रत्येक पॅकेटवर चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पोर्टवरून, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर. गाळणी त्या वाचायची, नियमांच्या यादीशी ताडायची, आणि सोडायची किंवा टाकून द्यायची. पुढचं पॅकेट आलं की मागचं विसरलेलं असायचं. स्मरणशक्ती शून्य.

आता बघा काय होतं. तुमचा ब्राउझर समजा स्वतःसाठी ५१५१४ हे पोर्ट घेतो आणि सर्व्हरच्या ८० वर जातो. उत्तर येताना उलटं होतं: सर्व्हरच्या ८० वरून तुमच्या ५१५१४ वर. गाळणीला आठवण नाही, म्हणून तिच्या दृष्टीने हे बाहेरून आलेलं एक नवंच पॅकेट. त्यासाठी दुसरा नियम लिहावाच लागायचा. पण ५१५१४ हा आकडा दर वेळी बदलतो. मग नियम असा व्हायचा: ‘ज्याचं मूळ पोर्ट ८० आहे, ते पॅकेट आतल्या १०२३ च्या वरच्या कुठल्याही पोर्टवर येऊ द्या.’

इथे मेख आहे. मूळ पोर्ट कोण ठरवतं? पाठवणारा. मला वाटलं तर मी माझ्या घरच्या मशीनवरून मूळ पोर्ट ८० घालून पॅकेट पाठवीन. नेरूळमधल्या एखाद्या सोसायटीत वॉचमनला सांगून ठेवलं, की कुरियरचा शर्ट घातलेला कोणीही आला तर सोडायचा. शर्ट तर दुकानात मिळतो! आणि १०२३ च्या वर काही निव्वळ रिकामी पोर्टं नसतात. फाइल वाटून देणारं एनएफएस २०४९ वर असतं, एक्स विंडो ६००० वर. ही पंचाईत लोकांना ठाऊक होती. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ मध्ये पॅकेट गाळण्यातल्या अडचणींवर जो निबंध वाचला, त्यात नियम लिहिताना माणूस कुठे कुठे फसतो याचीच चर्चा आहे.

यावर एक तोडगा निघाला. टीसीपीमध्ये कनेक्शन सुरू करणाऱ्या पहिल्या पॅकेटवर फक्त एसवायएन हा बिट असतो, त्यानंतरच्या पॅकेटवर एसीके असतो. मग परतीच्या नियमात अट घातली: एसीके असेल तरच सोडा. सिस्कोच्या राउटरमध्ये त्यासाठी `established` हा शब्द आला. लिनक्सच्या जुन्या `ipchains` मध्ये तोच नियम असा लिहायचो:

```
ipchains -A input -p tcp ! -y -s 0/0 80 -d 192.168.1.0/24 1024:65535 -j ACCEPT
```

यातलं `! -y` म्हणजे ‘नवं कनेक्शन सुरू करणारं पॅकेट नको’. यामुळे बाहेरून नवं कनेक्शन उघडता येईना. हे मोठं काम झालं. पण `established` हे नाव फसवं होतं. राउटर खरंच कनेक्शन प्रस्थापित झालंय का ते बघत नव्हता, फक्त बिट बघत होता. कोणीही नुसता एसीके लावून पॅकेट पाठवलं की ते आत पोचायचं. कनेक्शन होत नसे, पण आतलं मशीन ‘हे काय, मी ओळखत नाही’ असं उत्तर द्यायचं, आणि पाठवणाऱ्याला मशीन जिवंत आहे हे समजायचं.

शिवाय डीएनएस चालतं मुख्यतः यूडीपीवर, आणि यूडीपीत असले बिटच नाहीत. तिथे पुन्हा शर्ट बघूनच सोडायचं: मूळ पोर्ट ५३ असेल तर येऊ द्या. एफटीपीची तर आणखीच तऱ्हा. तिथे फाइल पाठवण्यासाठी सर्व्हरच उलट तुमच्याकडे नवं कनेक्शन उघडायचा. स्टीव्हन बेलोव्हिन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये आरएफसी १५७९ लिहिला तो यासाठीच: दुसरं कनेक्शनही आतल्या माणसानेच उघडावं, म्हणजे फायरवॉलला सोपं जाईल.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपल्या पहिल्या पिढीच्या प्रशासकांचा हात या दोन-दोन नियमांच्या जमान्यातच बसला. मीही त्यातलाच. जाणारा नियम लिहिला की येणारा लिहायचा, हे अंगवळणी पडलं.

नोंदवही आली

याच काळात इस्रायलमध्ये चेक पॉइंट ही कंपनी निघाली. गिल श्वेद यांनी डिसेंबर १९९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ मध्ये फायरवॉल-१ बाजारात आली. त्यांनी ‘स्टेटफुल इन्स्पेक्शन’ हा शब्द रूढ केला. लिनक्समध्ये ही सोय जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलबरोबर आली. रस्टी रसेल आणि सहकाऱ्यांचं नेटफिल्टर, आणि ते चालवायला `iptables`. ओपनबीएसडीचं `pf` त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं.

कल्पना काय? वॉचमनला वही दिली. ३०२ नंबरच्या बाईंनी खाली फोन केला, की अमुक प्लंबरला बोलावलंय. वॉचमनने लिहून ठेवलं. तो माणूस आला की वही बघायची, शर्ट बघायचा नाही.

लिनक्सच्या मशीनवर `conntrack -L` लिहा, ही वही डोळ्यांनी दिसते. तिच्यातली एक ओळ:

```
tcp 6 431999 ESTABLISHED src=10.20.1.15 dst=203.0.113.10 sport=51514 dport=443 src=203.0.113.10 dst=10.20.1.15 sport=443 dport=51514 [ASSURED]
```

हिच्यात पत्ते दोनदा आलेत. पहिला संच जाणाऱ्या पॅकेटचा. दुसरा संच उलटा आहे, तो उत्तराचा. आणि दुसरा संच उत्तर आल्यावर लिहिलेला नाही. पहिलं पॅकेट बाहेर पडतानाच फायरवॉल लिहून ठेवते, की याचं उत्तर आलं तर ते नेमकं असं दिसेल. आज आपल्या प्रश्नाचं अख्खं उत्तर या एका ओळीत आहे. परतीची परवानगी दिलेलीच आहे, तीही एका पत्त्याला, एका पोर्टवरून एका पोर्टवर, आणि ठरावीक वेळेपुरती. ४३१९९९ हे उरलेले सेकंद आहेत. लिनक्समध्ये प्रस्थापित टीसीपी नोंदीची मूळ मुदत ४,३२,००० सेकंद म्हणजे पाच दिवस असते. यूडीपीलाही बिटची गरज उरली नाही. तिथेही दोन्ही बाजूंचे पत्ते आणि पोर्ट लिहिले जातात, मुदत मात्र सेकंदांतली.

आता लिनक्सवाले हात वर करतील. ‘सर, आम्ही तर परतीचा नियम लिहितो!’ बरोबर. तो असा:

```
iptables -P FORWARD DROP
iptables -A FORWARD -m conntrack --ctstate ESTABLISHED,RELATED -j ACCEPT
iptables -A FORWARD -i eth1 -o eth0 -p tcp --dport 443 -m conntrack --ctstate NEW -j ACCEPT
```

लिनक्समध्ये वही आपोआप लिहिली जाते, पण वही बघून सोडायचं की नाही हे तुम्हाला सांगावं लागतं. ते सांगणारी ओळ म्हणजे दुसरी. ती सगळ्या यादीसाठी एकदाच असते. तिच्यात ४४३ नाही, ५३ नाही, कोणाचा पत्ता नाही. उद्या बाहेर जायचे आणखी वीस नियम लिहिलेत तरी ती तेवढीच राहते. `RELATED` मध्ये एफटीपीसारखं जोडकनेक्शन येतं, आणि ‘वाट बंद आहे’ असे निरोप देणारी आयसीएमपीची पॅकेटंही. सिस्को एएसए किंवा `pf` यांत ही एक ओळही लिहावी लागत नाही. `pf` मध्ये २००७ च्या ४.१ आवृत्तीपासून नोंद ठेवणं हेच मूळ वर्तन झालं, त्याआधी `keep state` लिहावं लागे. म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं उत्तर सापडतं आणि मुलं गोंधळतात.

महाप्यातला एक नियम

आता एक प्रसंग. महाप्यातल्या एका कंपनीत मला नियमांची यादी साफ करायला बोलावलं होतं. लिनक्सची फायरवॉल, आणि तिच्यामागे सार्वजनिक पत्ते असलेले काही सर्व्हर. यादी वीसेक वर्षं एकातून दुसऱ्यात उतरवत आणलेली. अगदी वर हा नियम होता:

```
-A FORWARD -i eth0 -p tcp --sport 443 -j ACCEPT
```

म्हणजे बाहेरून आलेलं, मूळ पोर्ट ४४३ असलेलं काहीही आत सोडा. जुन्या जमान्यातला शर्टाचा नियम, आणि `! -y` सारखी अटही कुठेतरी गळून पडलेली. खाली `ESTABLISHED,RELATED` चा नियमही होता.

मी म्हटलं, हा काढा. तिथला मुलगा म्हणाला, ‘सर, काढू नका. हा चालू नियम आहे.’ आणि त्याने `iptables -L FORWARD -v -n` दाखवलं. नियमापुढचा आकडा कोट्यवधी पॅकेटचा. एवढी वाहतूक ज्यातून जाते तो नियम काढायला कोण धजावेल?

त्याचा आकडा खरा होता, निष्कर्ष चुकीचा होता. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि पहिला जुळला की थांबते. हा नियम सगळ्यात वर होता, म्हणून प्रत्येक वेबसाइटचं प्रत्येक उत्तर त्याच्यावर मोजलं जात होतं. खाली वही बघणारा नियम तीच पॅकेटं सोडायला तयार उभा होता, पण त्याच्यापर्यंत ती पोचतच नव्हती.

आम्ही आधी बाहेरून, कंपनीची लेखी परवानगी घेऊन, एका विंडोज सर्व्हरच्या ३३८९ वर चाचणी केली. साध्या `nmap` ने पोर्ट `filtered` दाखवलं, म्हणजे बंद. मग हे चालवलं:

```
nmap -sS -Pn -g 443 -p 3389 203.0.113.20
```

`-g 443` म्हणजे मूळ पोर्ट ४४३ घाला. उत्तर आलं: `open`. (पत्ता अर्थातच बदलून सांगतोय.) खोलीत एकदम शांतता. सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप अख्ख्या जगाला उघडा होता, फक्त शर्ट घालून यायचं होतं.

तरी नियम लगेच पुसला नाही. पहिल्यांदा त्याला `ESTABLISHED,RELATED` च्या खाली नेला, आणि त्याच्या वर एक `LOG` चा नियम लावला. आता विचार करा. खरी उत्तरं वरच्याच नियमात निघून जाणार. तिथून निसटून जे या नियमापर्यंत पोचेल, ते व्याख्येनेच कोणाचंही उत्तर नाही. कोट्यवधींचा आकडा जवळजवळ थांबला. दोन दिवसांत लॉगमध्ये जे थोडंफार पडलं, त्यात काही पॅकेटं बंद झालेल्या कनेक्शनची उशिरा आलेली शेपटं होती, आणि बाकीची बाहेरून पोर्ट चाचपणारी. एकही पॅकेट कोणाच्या कामाचं नव्हतं. तेव्हा नियम पुसला. कोणाचा फोन आला नाही.

तुमच्या यादीतही `--sport` असलेला, बाहेरून आत येणारा नियम असेल, तर हीच पद्धत वापरा. खाली न्या, मोजा, लॉग बघा, मग पुसा.

उत्तर खरंच अडतं तेव्हा

कधी कधी मात्र उत्तर खरंच अडतं. तेव्हा माणूस घाबरून तोच जुना नियम परत लिहितो. अडण्याची दोन कारणं नेहमी भेटतात.

पहिलं, वहीतली नोंद मुदत संपून पुसली जाते. सिस्को एएसएमध्ये टीसीपीची मूळ मुदत एक तास असते. एखादा प्रोग्राम डेटाबेसशी कनेक्शन उघडतो आणि तासापेक्षा जास्त गप्प बसतो. मग डेटाबेस काही बोलायला जातो, आणि लॉगमध्ये `Deny TCP (no connection)` येतं. गंमत म्हणजे लिनक्स मशीनचा ‘मी आहे’ असं कळवणारा कीपअलाइव्ह, प्रोग्रामने चालू केला असला तरी, मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो. तोवर नोंद जाऊन तास झालेला असतो. इथे उपाय म्हणजे कीपअलाइव्ह लवकर पाठवणं किंवा त्या एका कनेक्शनची मुदत वाढवणं. नवा नियम नव्हे.

दुसरं, जाताना पॅकेट एका फायरवॉलमधून जातं आणि उत्तर दुसऱ्यातून येतं. दोन लीज लाइन, दोन फायरवॉल, आणि त्यांच्या वह्या वेगळ्या. दुसऱ्या वॉचमनला कोणी सांगितलेलंच नाही. ओळखायचं कसं? दोन्हींवर `tcpdump` लावा. एकीवर फक्त जाणारी पॅकेटं दिसली आणि दुसरीवर फक्त येणारी, तर दोष रस्त्यात आहे, नियमात नाही. रस्ता सरळ करा किंवा दोघींनी वही वाटून घ्यावी अशी जोडणी करा.

आणि एक जागा अशी आहे जिथे परतीचा नियम आजही लागतो. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल असतो, पण सबनेटला लावायची नेटवर्क एसीएल स्टेटलेस असते. तिथे उत्तरासाठी १०२४ ते ६५५३५ उघडावं लागतं. म्हणजे १९८९ ची गाळणी अजून जिवंत आहे. मुलं दोन्हींना फायरवॉलच म्हणतात आणि एकीचा नियम दुसरीत लिहितात.

न्हावा-शेव्याचा धडा

शेवटी या वहीची मर्यादा, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. २७ जून २०१७ ला न्हावा-शेव्याच्या बंदरात, तेव्हाच्या जेएनपीटीत, गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. हे टर्मिनल मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं, आणि नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्कचं जगभरचं नेटवर्क त्या दिवशी आडवं केलं होतं. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं, की त्यांना दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले.

तो प्रोग्राम मुळात आला कुठून? युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोर त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरले होते. ईसेट या सुरक्षा कंपनीला १४ एप्रिल, १५ मे आणि २२ जूनच्या अपडेटमध्ये चोरदरवाजा सापडला. आता आपल्या विषयाच्या नजरेने बघा. बाहेरून कोणी दार ठोठावलं नाही. आतल्याच संगणकाने विचारलं, ‘नवं अपडेट आहे का?’, आणि उत्तरातून ते आलं. वहीत नोंद बरोबर होती. पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर. वॉचमनने नियमाप्रमाणे सोडलं. बोलावलेल्या प्लंबरच्या पिशवीत काय आहे, हे वही सांगत नाही.

आणि तिथून पुढे तो पसरला तो आतल्या आत, विंडोजच्या फाइल वाटपातल्या त्रुटीतून आणि चोरलेल्या पासवर्डांनी. जिथे दोन विभागांमध्ये फायरवॉलच नव्हती, तिथे वहीचा प्रश्नच आला नाही.

म्हणून परतीची चिंता करण्यात जो वेळ जातो, तो जाण्याच्या नियमांवर घाला. स्टेटफुल फायरवॉलमध्ये बाहेर जायची प्रत्येक परवानगी ही उत्तर आत घ्यायचीही परवानगी असते. हिशेबाच्या संगणकाला जगात कुठेही ४४३ वर जाऊ दिलंत, तर जगातल्या कुठल्याही सर्व्हरचं उत्तर आत घ्यायला तुम्ही आधीच सही केली आहे. त्या संगणकाला खरोखर किती पत्त्यांवर जायचं असतं? चार-पाच. तेवढेच लिहा.

उद्या कामावर गेलात की आधी यादी उघडा आणि `--sport` शोधा. सापडला तर आजचा महाप्याचा किस्सा आठवा.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: आमच्याकडे नॅट आहे, आतले पत्ते बाहेरून दिसतच नाहीत. मग तो जुना नियम राहिला तर काय होतं?*

चांगला प्रश्न. नॅटमुळे तुम्ही बऱ्याच अंशी वाचता, पण नियमामुळे नव्हे, नियम असूनही. लाइनच्या त्याच टप्प्यावर बसलेला कोणी आतल्या पत्त्यावर थेट पॅकेट टाकू शकला, किंवा उद्या कोणी एखाद्या सर्व्हरला सार्वजनिक पत्ता दिला, की दार उघडं. महाप्यात नेमकं हेच झालं होतं. ते सर्व्हर नंतर आले होते. नियम त्यांच्या आधीपासून तिथे होता.